सात म्हणजे कोणाचे सात?

२०२६ साली ब्रिटनमधली घड्याळं रविवारी, २५ ऑक्टोबरला एक तास मागे जातील. अमेरिकेतली घड्याळं त्यानंतर आठवड्याने, १ नोव्हेंबरला मागे जातील. भारतातली जिथल्या तिथे राहतील. पुणे, लंडन आणि न्यू जर्सी अशा तीन ठिकाणी बसून रोज पंधरा मिनिटं एकमेकांशी बोलणाऱ्या टीमला या तीन वाक्यांमुळे बराच मनस्ताप होतो. कोणी रिकाम्या मीटिंगमध्ये एकटाच बसून राहतो, कोणी मीटिंग संपल्यावर उगवतो, आणि टीम लीडच्या फोनवर ‘आज स्टँड-अप नाही का?’ असे तीन निरोप येऊन पडतात. बहुतेक वेळा आदल्या आठवड्यात सूचना गेलेली असते. तरीही हे घडतं, कारण त्या सूचनेत वेळ असते, पण ती कुठल्या घड्याळातली हे नसतं.

स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत रोजची ही बैठक पंधरा मिनिटांची, आणि कामाच्या प्रत्येक दिवशी त्याच वेळी, त्याच जागी असावी, असं म्हटलं आहे. टीम एकाच शहरात असेल तर ‘त्याच वेळी’ म्हणजे काय हे कोणी विचारत नाही. तीन देशांत पसरलेल्या टीमला मात्र वर्षातून दोनदा ठरवावं लागतं की ती वेळ कोणासाठी तीच राहणार आणि कोणासाठी हलणार.

समजा, नऊ जणांची एक टीम आहे. टीम लीडसह चौघं पुण्यात, एक डेव्हलपर नागपुरात घरून काम करणारा, एक टेस्टर कोचीत, प्रॉडक्ट ओनर लंडनला आणि क्लायंटच्या बाजूचे दोघं न्यू जर्सीत. उन्हाळाभर त्यांचा स्टँड-अप भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६:३० ला होत आला. त्या वेळी लंडनला दुपारचे २ आणि न्यू जर्सीत सकाळचे ९ वाजलेले असत. सगळ्यांना सोयीचं होतं. आता काहीच न करता पुढे गेलं तर २६ ऑक्टोबरच्या आठवड्यात लंडनला दुपारचा १ वाजेल, म्हणजे ऐन जेवणाची वेळ. २ नोव्हेंबरपासून न्यू जर्सीत सकाळचे ८ वाजतील, म्हणजे मुलांना शाळेत सोडायची वेळ. पुण्यात मात्र कोणाला काही जाणवणारही नाही.

हे झालं मीटिंगची मालिका पुण्यातल्या टीम लीडने बनवली असेल तर. तीच मालिका न्यू जर्सीतल्या माणसाने बनवली असती, तर त्याचे सकाळचे ९ जागचे हलले नसते आणि पुण्यात २ नोव्हेंबरला स्टँड-अप आपोआप ७:३० वर गेला असता. दर वेळी परत येणारी मीटिंग कॅलेंडरमध्ये एका ठरावीक वेळक्षेत्राला बांधलेली असते. सहसा ते ज्याने मीटिंग बनवली त्याच्या शहराचं असतं. म्हणून सूचना लिहायला घेण्याआधी मीटिंग उघडून हे वेळक्षेत्र पाहावं. गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंग बदलायला घेतली की वेळेच्या शेजारी Time zone असा दुवा दिसतो. आउटलुकमध्येही वेळ निवडायच्या जागेजवळच त्याची सोय असते. तिथे कोलकाता आहे, लंडन आहे की न्यूयॉर्क, यावर कोणाची वेळ हलणार हे ठरतं. अनेक टीममध्ये हा निर्णय कोणी घेतलेलाच नसतो. दोन वर्षांपूर्वी ज्याने निमंत्रण पाठवलं त्याच्या लॅपटॉपने तो घेतलेला असतो.

वेळ ठरवताना गणित सोपं आहे, माणसं अवघड आहेत. वरच्या टीममध्ये न्यू जर्सीकरांना ८ फार लवकर होतात, म्हणून ७:३० भारतीय वेळ घेतली तर तिकडे पुन्हा ९ वाजतील. पण मग पुण्यातल्यांची संध्याकाळ गेली. मधला मार्ग ७:०० चा: लंडनला १:३०, न्यू जर्सीत ८:३०. ‘सात चालेल का सगळ्यांना?’ असं ग्रुपवर विचारलं, तर तीन अंगठे येतात, दोन ‘चालेल’ येतात आणि बाकीचे गप्प बसतात. आपल्याकडच्या ‘चालेल’चा अर्थ अनेकदा ‘चालवून घेईन’ एवढाच असतो, आणि क्लायंट ग्रुपमध्ये असेल तर तेवढाही नसतो. त्यापेक्षा प्रत्येकाला वेगळं, थेट विचारावं: ‘सात ते सव्वासात या वेळेत आठवड्यातल्या कुठल्या वारी तुला जमणार नाही?’ या प्रश्नाला ‘चालेल’ हे उत्तर बसत नाही. मग खरी माहिती बाहेर येते. नागपूरचा डेव्हलपर सांगतो की बुधवारी मुलीला क्लासहून आणायचं असतं. पुण्यातली एक जण सांगते की मंगळवारी आणि गुरुवारी ती ऑफिसला असते आणि तिची कंपनीची कॅब पावणेसातला सुटते.

ही कॅबची गोष्ट लहान दिसते, पण सूचना कधी पाठवता येईल हे तिच्यावर ठरतं. जुना स्टँड-अप ६:३० ला सुरू होऊन ६:४५ ला संपायचा आणि ती धावत कॅब गाठायची. सात वाजता स्टँड-अप झाला तर आठवड्यातले दोन दिवस तिला हलत्या गाडीतून, तुटक नेटवर्कवर बोलावं लागेल, किंवा स्टँड-अप चुकवावा लागेल. ॲडमिनकडून साडेसातच्या कॅबमध्ये जागा मिळते का हे आधी विचारून घ्यावं आणि मगच सूचना पाठवावी. जागा मिळणार नसेल तर त्या दोन दिवशी ती चारच्या आत लेखी अपडेट देईल, असं तिच्याशी ठरवून ते सूचनेतही लिहावं. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ‘ती स्टँड-अपला नसतेच’ अशी कुजबुज सुरू होते.

ज्यांना बदलाचा सर्वांत जास्त त्रास होणार आहे त्यांना सगळ्यांच्या आधी, एकेकट्याला सांगावं. या टीममध्ये ती दोन माणसं आहेत: ही कॅबवाली सहकारी आणि लंडनचा प्रॉडक्ट ओनर. त्याची वेळ दोन आठवड्यांत दोनदा हलणार आहे, आधी २ वरून १ वर, मग १ वरून १:३० वर. हे त्याला सार्वजनिक सूचनेतून कळलं तर त्याचं पहिलं उत्तरही सार्वजनिकच येईल, आणि मग चर्चा वेळेवरून घसरून ‘आम्हाला का विचारलं नाही’ इथे जाऊन पोचेल.

अशी सूचना अनेक ग्रुपवर साधारण या शब्दांत येते: ‘हाय टीम, डेलाइट सेव्हिंगमुळे पुढच्या आठवड्यापासून स्टँड-अप 7 IST ला असेल. सगळ्यांनी कॅलेंडर ब्लॉक करा.’

यात चार खड्डे आहेत. ‘पुढच्या आठवड्यापासून’ हे शुक्रवारी वाचणाऱ्याला एक सांगतं आणि सोमवारी वाचणाऱ्याला दुसरं. ‘7’ला सकाळ-संध्याकाळ नाही. IST ही अक्षरं भारताची आहेत, तशी इस्रायलचीही आहेत आणि उन्हाळ्यात आयर्लंडचीही. लंडनच्या बाबतीत गोंधळ आणखी वेगळा. तिथे हिवाळ्यात जी वेळ GMT असते ती उन्हाळ्यात BST होते, तरी लोक सवयीने वर्षभर GMT लिहितात आणि एक तास चुकतात. अमेरिकेच्या EST आणि EDT चं तेच. अक्षरं टाळून शहराचं नाव लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही. चौथा खड्डा ‘कॅलेंडर ब्लॉक करा’ हा. आज्ञाधारक माणसं खरंच स्वतःच्या कॅलेंडरमध्ये सातची वेगळी नोंद करतात, मग लीडचं बदललेलं निमंत्रणही येतं, आणि मार्चमध्ये वेळ पुन्हा बदलली की एक नोंद हलते आणि दुसरी तिथेच राहते.

हीच सूचना नीट लिहिली तर अशी दिसेल. टीममध्ये मराठी न जाणणारे असल्याने ती जाईल सोप्या इंग्रजीत, पण क्रम हाच ठेवावा:

> विषय: सोमवार, २ नोव्हेंबरपासून रोजचा स्टँड-अप भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७:०० वाजता
>
> तुमच्या शहरातली वेळ अशी असेल:
>
> शुक्रवार, २३ ऑक्टोबरपर्यंत (आत्ताचीच वेळ): भारत संध्या. ६:३०, लंडन दुपारी २:००, न्यू जर्सी सकाळी ९:००
>
> २६ ते ३० ऑक्टोबर: भारत संध्या. ६:३०, लंडन दुपारी १:००, न्यू जर्सी सकाळी ९:००
>
> २ नोव्हेंबर ते १२ मार्च: भारत संध्या. ७:००, लंडन दुपारी १:३०, न्यू जर्सी सकाळी ८:३०
>
> कारण: ब्रिटन आणि अमेरिकेतली घड्याळं मागे जात आहेत. जुनी वेळ ठेवली तर न्यू जर्सीत सकाळचे ८ होतात.
>
> बदलत नाही: मीटिंगची लिंक, १५ मिनिटं, सोमवार ते शुक्रवार.
>
> तुम्ही काय करायचं: कॅलेंडरमध्ये माझं बदललेलं निमंत्रण आज येईल, ते स्वीकारा. स्वतः नवी नोंद करू नका.
>
> अडचण असेल तर बुधवार, २१ ऑक्टोबरपर्यंत मला कळवा. शुक्रवार, २० नोव्हेंबरला ही वेळ कशी चालली आहे ते पाहू.

पहिल्या ओळीतच निर्णय आहे. फोनवर सूचनेची तेवढी एकच ओळ दिसत असली तरी काम भागतं. मग शहरवार वेळा. लंडनचा माणूस आपली रांग पाहतो आणि त्याला डोक्यात वजाबाकी करावी लागत नाही. कारण एका ओळीत उरकलं आहे. वाचणाऱ्याला त्यातून दोनच गोष्टी कळायला हव्यात: हा लहरीने केलेला बदल नाही, आणि तो कोणाच्या सोयीसाठी आहे. दुसरी गोष्ट लपवली तर पुण्यातली माणसं ती ओळखतातच, वर चिडतातही. ‘बदलत नाही’ ही ओळ अनेकांना अनावश्यक वाटते, पण सूचना गेल्यावर येणारे निम्मे प्रश्न तीच वाचवते.

मधल्या आठवड्याची रांग सर्वांत जास्त विसरली जाते. २६ ते ३० ऑक्टोबर या पाच दिवसांत लंडन आणि न्यू जर्सी यांच्यातलं अंतर एरवीच्या पाच तासांऐवजी चार तासांचं असतं. त्या आठवड्यात भारतातून काहीच बदल जाहीर झालेला नसतो, म्हणून लंडनचा माणूस सोमवारी २ वाजता येतो आणि स्टँड-अप तासाभरापूर्वीच होऊन गेलेला असतो. त्याच्या कॅलेंडरने त्याला १ ची वेळ दाखवलेली असते, पण सहा-सात महिने रोज २ ला येणारा माणूस कॅलेंडर पाहत नाही.

सूचनेचा दिवसही पाहून निवडावा. २० ऑक्टोबरला दसरा आहे आणि ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पाठवलेली सूचना पुण्या-नागपूरकडे झेंडूच्या फुलांखाली गाडली जाईल, आणि नवी वेळ ९ नोव्हेंबरपासून सुरू केली तर पहिल्या आठवड्यात निम्मी टीम फराळाला बसलेली असेल. गुरुवारी, १५ ऑक्टोबरला सूचना आणि २ नोव्हेंबरला अंमल, हे अंतर बरं आहे. अडचण सांगायला पुरेसे दिवस मिळतात आणि दिवाळीआधी नव्या वेळेचा एक पूर्ण आठवडा पदरात पडतो. १५ ऑक्टोबरला स्टँड-अपच्या शेवटच्या मिनिटात तोंडी सांगावं, मीटिंग संपताच लेखी सूचना टाकावी आणि लगेच कॅलेंडर बदलावं. उलट क्रमाने झालं, म्हणजे कॅलेंडरचा मेल आधी पोचला, तर लोकांना कारणाविना बदललेली वेळ दिसते आणि अंदाज बांधणं सुरू होतं.

कॅलेंडर बदलताना एक बटण महत्त्वाचं असतं. गूगल कॅलेंडरमध्ये २ नोव्हेंबरची मीटिंग उघडून वेळ ७:०० करावी, वेळक्षेत्र तपासावं, मालिकेची शेवटची तारीख १२ मार्च २०२७ द्यावी आणि जतन करताना This and following events निवडावं. All events निवडलं तर ऑक्टोबरच्या मीटिंगही हलतात आणि दोन आठवडे आधीच गोंधळ होतो. मग अद्ययावत निमंत्रण पाठवायचं का असं विचारलं जातं, तिथे Send दाबावं. आउटलुकमध्ये जुनी मालिका ३० ऑक्टोबरला संपवून २ नोव्हेंबरपासून नवी सुरू करणं जास्त सुरक्षित. मात्र नव्या मालिकेची मीटिंग लिंक नवी असू शकते. तसं असेल तर सूचनेतली ‘लिंक बदलत नाही’ ही ओळ काढून टाकावी.

हे सगळं मीटिंग ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचं असतं. गूगल कॅलेंडरमध्ये बदलाची परवानगी नसलेल्या पाहुण्याने वेळ बदलली तर ती फक्त त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये बदलते, आणि त्याला वाटतं की सगळ्यांची बदलली. टीम लीड बदलल्यावर हे हमखास होतं. मालिका कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर चालू राहते आणि नवा लीड आपल्या पडद्यावर सात पाहून निश्चिंत असतो. अशा वेळी जुनी मालिका आयटी विभागाकडून बंद करून घ्यावी आणि नवी काढावी.

बदल पोचला का, हे तपासायला एक साधी परीक्षा पुरते. त्याच दिवशी प्रत्येक शहरातल्या एकाला सांगावं, ‘तुझ्या कॅलेंडरमधला २ नोव्हेंबरचा स्क्रीनशॉट पाठव.’ लंडनहून दुपारी १:३० आणि न्यू जर्सीहून सकाळी ८:३० आलं तर काम झालं. न्यू जर्सीच्या स्क्रीनशॉटमध्ये ९:३० दिसले, तर त्या माणसाला अजून उन्हाळ्याचा फरक धरून वेळ दिसते आहे, म्हणजे त्याच्या यंत्राचं वेळक्षेत्र चुकीचं आहे किंवा मीटिंगचं. एकाच दिवशी दोन स्टँड-अप दिसले तर जुनी मालिका मेलेली नाही किंवा त्याने स्वतःची नोंद केलेली आहे.

कॅलेंडर सोडून जिथे जिथे जुनी वेळ लिहिलेली असते तिथली यादी लहान असते, पण ती करावी लागते. स्लॅकवरची सव्वासहाची स्वयंचलित आठवण, चॅनेलच्या माथ्यावरचं वाक्य, नव्या माणसाला दिल्या जाणाऱ्या माहितीचं पान, ऑफिसमधल्या मीटिंग रूमचं बुकिंग. यातली स्लॅकची आठवण सर्वांत उपद्रवी. ती २ नोव्हेंबरला जुन्याच वेळी वाजते आणि दोन-तीन जण साडेसहाला जाऊन बसतात. रूमचं बुकिंग अर्ध्या तासाने हलवलं नाही तर मंगळवारी सात वाजता तिथे दुसरीच टीम बसलेली असते.

आठवण दोनदा द्यावी, त्याहून जास्त नको. पहिली शुक्रवारी, २३ ऑक्टोबरला, फक्त लंडनच्या माणसाला: ‘सोमवारपासून पाच दिवस तुझ्याकडे १ वाजता.’ दुसरी सर्वांना, सोमवारी, २ नोव्हेंबरला भारतीय वेळेनुसार साडेपाचला. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे ७ आणि लंडनमध्ये दुपारचे १२ वाजलेले असतात, म्हणजे सगळे जागे असतात आणि अजून दीड तास हातात असतो. त्यातही तिन्ही शहरांच्या वेळा लिहाव्यात.

पहिल्या आठवड्यात उशिरा येणाऱ्यांना टोकू नये, पण कोण कुठल्या दिवशी उशिरा येतं हे लिहून ठेवावं. सोमवारी सगळेच थोडे चुकतात. ती सवय आहे आणि ती दोन दिवसांत जाते. तोच माणूस दर मंगळवारी-गुरुवारी चुकत असेल तर अडचण खरी आहे आणि ती आधी विचारताना बाहेर आली नव्हती. २० नोव्हेंबरला पाहायची ती हीच नोंद. त्या दिवशी ‘सगळ्यांना कसं वाटतंय?’ असं मोघम विचारून काही हाती लागत नाही.

आणि काही बदल कितीही नीट जाहीर केले तरी टिकत नाहीत. याच टीममध्ये उद्या कॅलिफोर्नियातला एक जण आला तर भारतातल्या संध्याकाळी ७ वाजता त्याच्याकडे हिवाळ्यात पहाटेचे ५:३० असतील. त्याच्यासाठी वेळ पुढे ढकलत नेली तर पुण्यात रात्र होते. तिथे स्टँड-अपची वेळ हलवणं सोडून द्यावं. त्याने आपल्या दिवसाच्या शेवटी लेखी अपडेट टाकावं, बाकीच्यांनी ते सातच्या बैठकीत वाचावं आणि आठवड्यातून एकदाच सगळ्यांनी प्रत्यक्ष बोलावं. रोज कोणीतरी पेंगत हजर राहतं, त्यापेक्षा हे बरं.

२०२७ साली अमेरिकेतली घड्याळं १४ मार्चला पुढे जातील आणि ब्रिटनमधली २८ मार्चला. या वेळी मधला काळ दोन आठवड्यांचा असेल आणि त्यात आधी न्यू जर्सी हलेल, मग लंडन. वरची मालिका १२ मार्चला संपते, कारण त्यानंतरची वेळ नव्याने ठरवायची आहे. टीम लीडने आजच आपल्या कॅलेंडरमध्ये सोमवार, १ मार्च २०२७ ला एक नोंद करून ठेवावी: ‘स्टँड-अपची पुढची सूचना लिहायची, तीन रांगांसह.’